रोजच्या भाड्याने जाणारे फ्लॅट: सोसायटी काय करू शकते आणि काय नाही

*"आमची पुण्यात बाणेरला ७२ फ्लॅटची सोसायटी आहे. वर्षभरापासून तीन फ्लॅट बुकिंगच्या ॲपवरून दिवसाच्या भाड्याने जातात. एक निवृत्त जोडप्याचा आहे. ते स्वतः तिथेच राहतात आणि मुलगा परदेशी गेल्यापासून त्याची खोली देतात. उरलेले दोन एकाच गुंतवणूकदाराचे. तो बंगळुरूला असतो आणि फ्लॅट एका ऑपरेटर कंपनीला चालवायला दिलेत. दर शुक्रवारी नवे चेहरे, मध्यरात्री लिफ्टमध्ये बॅगा, वॉचमनला कोण आलं ते ठाऊक नसतं. मागच्या महिन्यात एकट्या राहणाऱ्या एका काकूंच्या दाराची बेल रात्री दीडला वाजली. पाहुणे मजला चुकले होते. आता सभासद म्हणतात, सभेत ठराव करून सरसकट बंदी घाला, मोडणाऱ्याला दिवसाला दहा हजार दंड लावा, पाहुण्यांना गेटवरच अडवा. गुंतवणूकदार म्हणतो, 'फ्लॅट माझा आहे, उपविधी ४३ वाचा, तुमची परवानगी लागत नाही.' आम्ही काय करावं?"*

*– सचिव, बाणेर*

सचिवताई, नमस्कार.

गुंतवणूकदाराने उपविधी ४३ वाचला आहे, पण अर्धाच. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, हे खरं. पण त्याच कलमात पुढे अटी आहेत. फ्लॅट देण्याआधी आठ दिवस सोसायटीला लेखी कळवायचं, कराराची प्रत द्यायची आणि पोलीस ठाण्याला माहिती दिल्याची प्रतही जोडायची. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. ही जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

शुक्रवारी रात्री येऊन रविवारी दुपारी जाणाऱ्या पाहुण्याच्या बाबतीत यातलं काय होतं? काहीच नाही. होऊही शकत नाही. दोन रात्रींचं भाडं सहा-सात हजार आणि शहरात नुसती करार-नोंदणीची फी एक हजार, वर एकूण भाड्याच्या पाव टक्का स्टँप. आठ दिवस आधी कळवायचं म्हटलं तर अर्धी बुकिंगं त्यानंतर झालेली असतात. तेव्हा गुंतवणूकदाराला दोनच गोष्टी म्हणता येतात. हे लिव्ह अँड लायसन्स असेल तर उपविधी ४३ च्या अटी आणि कलम ५५ ची नोंदणी पाळायला हवी. लिव्ह अँड लायसन्स नसून लॉजसारखी खोली देणं असेल, तर उपविधी ४३ त्याच्या कामाचा नाही. मग प्रश्न उरतो तो निवासासाठी दिलेल्या फ्लॅटचा वापर बदलल्याचा. एकाच वेळी ४३ चा हक्क घ्यायचा आणि ४३ च्या अटी टाळायच्या, हे चालणार नाही. सभेत त्याला उत्तर द्यायचं तर एवढंच द्या, आवाज न चढवता.

मात्र हे बोलण्याआधी तुमच्या सोसायटीची उपनिबंधकांनी नोंदवलेली उपविधींची प्रत कपाटातून काढून वाचा. पुण्यात बऱ्याच सोसायट्या अजून जुन्या उपविधींवर चालतात आणि त्यांत भाड्याने देण्याची भाषा वेगळी आहे. २०१४ चा नमुना तुम्ही स्वीकारून नोंदवला नसेल, तर तो आपोआप लागू होत नाही. आणि तुमची इमारत सहकारी सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालचं असोसिएशन असेल, तर खालची प्रक्रियाच बदलते. पुण्यात अपार्टमेंटलाही लोक सर्रास सोसायटी म्हणतात, म्हणून हे आधी बघा. पुढचं सगळं मी सहकारी सोसायटी धरून लिहितो आहे.

आता सभासदांच्या तीन मागण्या.

दिवसाला दहा हजार दंड टिकणार नाही. उपविधीभंगाचा दंड आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभा ठरवते, पण त्याला वर्षाला पाच हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे. तोही कारणे दाखवा नोटीस देऊन आणि सभासदाचं म्हणणं ऐकूनच लावता येतो. मेंटेनन्सच्या बिलात "दंड – ९०,०००" अशी ओळ टाकून पाठवलेली बिलं मी पाहिली आहेत. सभासद ती भरत नाही, थकबाकीचा वाद उपनिबंधकांकडे जातो आणि तिथे सोसायटीला ती रक्कम मागे घ्यावी लागते. त्यानंतर तोच सभासद सोसायटीची कुठलीच नोटीस मनावर घेत नाही. हे नुकसान रकमेपेक्षा मोठं आहे.

पाहुण्यांना गेटवर अडवणं तर करूच नका. रात्री अकराला लहान मूल आणि म्हातारी आई घेऊन आलेल्या कुटुंबाने पैसे भरलेले असतात. त्यांचा तुमच्या वादाशी काही संबंध नसतो. वॉचमनने त्यांना बाहेर उभं केलं की बाचाबाची होते, पोलीस येतात, आणि तक्रार वॉचमनवर किंवा तुमच्यावर दाखल होते, मालक मात्र बंगळुरूला सुखरूप असतो. पाणी किंवा लिफ्ट बंद करणंही तसंच. ते बेकायदा आहे, आणि एकदा केलं की तुमची बाजू कितीही खरी असली तरी न्यायालयात तुम्हीच आरोपीच्या जागी जाता. कारवाई करायची ती सभासदावर, पाहुण्यावर नाही. पाहुण्याकडून ओळख आणि शांतता एवढीच अपेक्षा ठेवता येते.

राहिला सरसकट बंदीचा ठराव. समितीच्या किंवा सभेच्या साध्या ठरावाने सभासदाचा उपविधींनी दिलेला हक्क काढून घेता येत नाही. त्यासाठी उपविधीच दुरुस्त करावे लागतात. ते दुरुस्त झाले तर मात्र "फ्लॅट माझा" हे उत्तर पुरत नाही. उपविधी हा सभासद आणि सोसायटी यांच्यातला करार आहे आणि सभासद होताना माणूस त्याला बांधला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली झोरोॲस्ट्रियन सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. म्हणजे सोसायटीच्या हाती ताकद आहे, फक्त ती उपविधीत उतरली पाहिजे.

बंदी सरसकट असावी का? माझं मत: नाही. तुमच्या पत्रातले तीन फ्लॅट एकसारखे नाहीत, आणि नियमाने त्यांना एकसारखं धरलं तर तो अन्यायाचा होईल, शिवाय टिकणारही नाही.

निवृत्त जोडप्याच्या घरात पाहुणा आला तर दार उघडायला माणूस आहे. पाहुणा मजला चुकला तर आजोबा खाली येतील. रात्री गाणी लागली तर शेजारी त्यांच्याच दाराची बेल वाजवू शकतात, आणि सकाळी लिफ्टमध्ये त्यांना तोंड दाखवायचं असल्यामुळे ते स्वतःच पाहुणे निवडून घेतात. सरकारचीही हीच रीत आहे. केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत मालक कुटुंबासह त्याच घरात राहत असला पाहिजे अशी अट आहे, आणि आपल्या राज्याच्या पर्यटन विभागाचीही निवास व न्याहारी योजना आहे. या जोडप्याला तिथे नोंदणी करायला सांगा. त्यांचं उत्पन्न बंद करून तुम्हाला सुरक्षितता मिळणार नाही.

दुसऱ्या दोन फ्लॅटमध्ये मालक नाही, कुलूप आहे. किल्ली जिन्यातल्या मीटरच्या कपाटाजवळ आकड्यांच्या पेटीत ठेवलेली असते, तिचा नंबर पाहुण्याला मेसेजने जातो आणि तोच नंबर कदाचित गेल्या महिन्यातल्या पाहुण्यालाही ठाऊक असतो. बिघडलं काही तर फोन उचलणारा माणूस दुसऱ्या शहरात. काकूंच्या दाराची बेल वाजली ती याच व्यवस्थेमुळे: पाहुण्याला दार दाखवायला कोणीच नव्हतं. भीती अनोळखी माणसांची वाटते, पण खरी उणीव उत्तर द्यायला कोणी नसण्याची आहे. तेव्हा नियमाची रेघ इथे ओढा: मालक घरात राहतो की नाही.

उपविधीत घालायचा मजकूर मी असा सुचवीन. तुमच्या वकिलांकडून भाषा तपासून घ्या, पण आशय पातळ होऊ देऊ नका.

*"मोबदला घेऊन सलग ३० रात्रींपेक्षा कमी काळासाठी फ्लॅट किंवा त्यातील खोली वास्तव्यास देणे म्हणजे अल्पमुदतीचे वास्तव्य. सभासद किंवा त्याचे कुटुंबीय त्या काळात स्वतः त्याच फ्लॅटमध्ये राहत असतील, तरच अल्पमुदतीचे वास्तव्य देता येईल. त्यासाठी सोसायटीकडे दरवर्षी नोंद करावी लागेल. सभासद राहत नसलेला फ्लॅट सलग ३० रात्री किंवा त्याहून अधिक काळासाठी, लेखी व नोंदणीकृत कराराने आणि उपविधी ४३ च्या अटी पाळूनच देता येईल. सभासदाने फ्लॅट ज्याला दिला त्याने तो पुढे तिसऱ्यास दिल्यास तो सभासदानेच दिला असे मानले जाईल."*

शेवटचं वाक्य ऑपरेटरसाठी आहे आणि ते गाळू नका. गुंतवणूकदार म्हणेल, "मी तर अकरा महिन्यांचा करार करून फ्लॅट कंपनीला दिला आहे, पुढे कंपनी काय करते ते तिला विचारा." तसं असेल तर आजच, उपविधी बदलायची वाट न पाहता, त्या कराराची प्रत मागा. ती देणं त्याला बंधनकारक आहे. प्रत आली की दोन कलमं वाचा: वापर कशासाठी आणि पोटभाड्याने देता येईल का. लिव्ह अँड लायसन्सच्या छापील नमुन्यांत बहुतेक वेळा "फक्त निवासासाठी" आणि "दुसऱ्यास देता येणार नाही" असंच लिहिलेलं असतं. तसं निघालं तर त्याच्याच सहीचा कागद तुमच्या बाजूने बोलतो. प्रत आलीच नाही, तर आठ दिवस आधी कळवण्याची अट मोडली म्हणून पहिली कारणे दाखवा नोटीस तिथेच देता येते.

तीस रात्रींची मर्यादा त्याच्यावर जुलूम आहे का, हा प्रश्न सभेत येईल आणि यायला हवा. बाणेरसारख्या भागात, हिंजवडी इतकी जवळ असताना, महिना-दोन महिन्यांसाठी सामानासकट फ्लॅट शोधणारे लोक असतात: नव्या नोकरीवर रुजू झालेली मंडळी, प्रोजेक्टवर आलेले कर्मचारी, घराचं काम काढलेली कुटुंबं. त्यांच्यासाठी करार होतो, ऑनलाइन नोंदणी होते, पोलिसांना कळवता येतं. त्याचा भाड्याने देण्याचा हक्क शाबूत राहतो. जातो तो फक्त शनिवार-रविवारचा जास्तीचा नफा. तो नफा ७२ घरांचं गेट आणि लिफ्ट वापरून मिळत होता, त्यामुळे त्यावर ७२ घरांना बोलायचा अधिकार आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

उपविधी दुरुस्तीची वाट मोठी आहे, म्हणून ती आत्ताच धरा. सभेची नोटीस पूर्ण १४ दिवसांची द्या, आणि तिच्यासोबत जुना मजकूर आणि नवा मजकूर शेजारी शेजारी छापून द्या. "आयत्या वेळच्या विषयांत" ही दुरुस्ती घेऊ नका. तशी घेतली तर उपनिबंधकांकडे ती पहिल्याच आक्षेपाला पडते. ठरावाला हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मतांची गरज असते, सगळ्या ७२ सभासदांच्या नाही. समजा सभेला ४१ जण आले, ६ जण तटस्थ राहिले आणि ३५ जणांनी मत दिलं, तर ठरावाच्या बाजूने किमान २४ मतं हवीत. बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती हे तिन्ही आकडे इतिवृत्तात लिहा. नुसतं "बहुमताने मंजूर" लिहिलेलं इतिवृत्त हे दुरुस्ती परत येण्याचं नेहमीचं कारण आहे. सभेनंतर दोन महिन्यांच्या आत उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, आणि नोंदणीचा दाखला हातात आल्यावरच नवा उपविधी लागू होतो. तोपर्यंत कोणी तो मोडला म्हणून नोटीस काढता येत नाही.

दाखला आल्यावरही आधी झालेल्या बुकिंगांसाठी साठ दिवसांची मुदत द्या. ती दिली नाही तर मालक म्हणतो त्याचं नुकसान झालं. दिली तर त्याला म्हणायला काही उरत नाही.

मधल्या काळात तुम्ही हात बांधून बसायची गरज नाही. गेटची शिस्त हा कारभाराचा भाग आहे आणि ती साध्या ठरावाने लावता येते, फक्त एका अटीवर: ती सगळ्यांच्या सगळ्या मुक्कामी पाहुण्यांना सारखी लागू हवी. तुमच्या मामेभावालाही आणि ॲपवरून आलेल्यालाही. शहरातल्या एका सोसायटीत आम्ही हे बसवलं तेव्हा सर्वांत जास्त फरक एका साध्या गोष्टीने पडला, ती सविस्तर सांगतो.

मुक्कामी पाहुणा येणार असेल त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत सभासदाने गेटच्या ॲपवर किंवा वॉचमनच्या वहीत पाच गोष्टी नोंदवायच्या: फ्लॅट, मुख्य पाहुण्याचं नाव, एकूण माणसं, गाडीचा नंबर आणि निघायची तारीख. त्याखाली एक स्थानिक फोन नंबर, ज्याच्यावर फोन केल्यावर माणूस अर्ध्या तासात इमारतीत पोचू शकेल. हा नंबर तिथल्या दोन फ्लॅटसाठी ऑपरेटरला द्यावाच लागला, आणि तो खरा आहे की नाही हे आम्ही एका मंगळवारी दुपारी फोन करून पाहिलं. माणूस आला नाही. मग मालकाला लेखी कळवलं, आणि पुढच्या आठवड्यापासून त्याने जवळच राहणारा एक केअरटेकर नेमला. पाहुण्यांना दारापर्यंत नेणं, कचऱ्याचे डबे दाखवणं, गाडी कुठे लावायची ते सांगणं ही कामं त्या मुलाने सुरू केल्यावर शेजाऱ्यांच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या. किल्लीची पेटी सामाईक जागेतून काढायला लावा. जिना आणि मीटरचं कपाट सोसायटीचं आहे, त्यावर कोणाचं कुलूप टांगू द्यायचं हे सभेने ठरवायचं.

वॉचमनने ओळखपत्र बघावं, नाव जुळवावं आणि परत द्यावं. आधारची झेरॉक्स गेटवर गोळा करू नका आणि वॉचमनला स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढू देऊ नका. ते कागद पुढे कुठे जातील यावर तुमचा ताबा राहत नाही. प्रत ठेवायची ती मालकाने. पाहुणा परदेशी असेल तर त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन व्यवस्थेत २४ तासांत भरण्याची जबाबदारीही मालकाचीच. ती तशीच त्याच्या वार्षिक नोंदीच्या अर्जावर लिहून त्याची सही घ्या.

एक गोष्ट गेटच्या नियमात येऊ देऊ नका, आणि मला ठाऊक आहे की सभेत कोणीतरी ती मांडेलच: "अविवाहित जोडपी नकोत", "बॅचलर मुलं नकोत", "अमक्या लोकांना नको". पाहुणे एकमेकांचे कोण लागतात, कुठल्या धर्माचे आहेत, काय खातात हे विचारायचा वॉचमनला किंवा सोसायटीला काही अधिकार नाही. सज्ञान माणसं, ओळखपत्र दाखवणारी, ठरलेल्या संख्येत, बस्स. नियमात असली एक ओळ शिरली की बाकी चांगला मसुदाही तिच्यासकट बुडतो, आणि बुडावाच.

संख्या ठरवणं मात्र रास्त आहे. एका बेडरूममागे दोन आणि वर दोन, म्हणजे टू-बीएचकेला सहा. क्लबहाउस आणि स्विमिंग पूल अल्पमुदतीच्या पाहुण्यांसाठी बंद ठेवायला हरकत नाही. रात्रीच्या आवाजासाठी नवा नियमच नको; रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ देशाच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच आहे. केअरटेकरला फोन, अर्ध्या तासात फरक नाही तर ११२, आणि दुसऱ्या दिवशी वेळ लिहून सभासदाला पत्र, हा क्रम वॉचमनच्या टेबलावर चिकटवून ठेवा.

आता पैशांचं. सभेत कोणीतरी म्हणेल, "त्यांच्याकडून महिन्याला पाच हजार घ्या, मग चालू दे." ते घेता येणार नाहीत. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार, सभासद स्वतः राहत नसलेल्या फ्लॅटवर लागणारं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ही मर्यादा उचलून धरली आहे. हे दहा टक्के पूर्ण मेंटेनन्सवर नाहीत. समजा तुमचं मासिक बिल ५,२०० रुपये आहे आणि त्यात पगार, सामाईक वीज, छपाई, ऑडिट असं सेवाशुल्क ३,००० आहे. बाकी मालमत्ता कर, पाणी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी. मग शुल्क निघतं ३००, ५२० नाही. गुंतवणूकदाराच्या दोन फ्लॅटचे मिळून महिन्याला ६००. आणि निवृत्त जोडप्याला हे शुल्क लागतच नाही, कारण ते स्वतः तिथे राहतात; बिनभोगवटा झालाच नाही. लिफ्टचा आरसा फुटला, भिंत खरवडली, तर खर्चाचं बिल जोडून तेवढी रक्कम सभासदाकडून जरूर घ्या. पण शुल्काच्या नावाखाली धंद्यात सोसायटीने भागीदार होऊ नये. एकदा पैसे घेतले की उद्या तक्रार करताना तुमचाच पावतीपुस्तकाचा कागद पुढे येईल.

उपविधी नोंदला गेल्यावर पळवाट काय निघेल तेही सांगून ठेवतो. "ते माझे नातेवाईक आहेत." नातेवाईक आणि गिऱ्हाईक यांतला फरक गेटच्या नोंदीतच दिसतो. सलग तीन-चार आठवडे शुक्रवारी वेगळा गट, प्रत्येक वेळी वेगळी गाडी, सोमवारी लाँड्रीवाल्याकडे चादरींचं गाठोडं. ॲपवरची जाहिरात उघडी असते. तिच्यात तुमच्या बाल्कनीचा, पूलचा, गेटचा फोटो असेल तर तारखेसकट प्रिंट काढून ठेवा. पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्रायही महिन्यासकट दिसतात. एवढं पुरे. त्याच्या दारावर कॅमेरा रोखू नका, पाहुण्यांची उलटतपासणी करू नका. नोंदी, जाहिरातीची प्रिंट आणि तक्रारीचं पत्र जोडून कारणे दाखवा नोटीस द्या, समितीपुढे बोलवा, त्याचं म्हणणं लिहून घ्या, मग पाच हजारांच्या मर्यादेतला दंड.

त्याला पाच हजार फुटकळ वाटले आणि त्याने चालूच ठेवलं, तर दंड वाढवायच्या मागे लागू नका. सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जा आणि मनाई हुकूम मागा. तिथे न्यायाधीश विचारतील: नोंदलेला उपविधी आहे का, नोटीस दिली का, ऐकून घेतलं का, सगळ्यांना सारखा नियम लावला का. वर लिहिलेला प्रत्येक कागद या चार प्रश्नांसाठी आहे. निवासी इमारतीत लॉज चालवल्याची तक्रार महापालिकेकडेही करता येते, पण ती शेवटी, कारण तिथली पाहणी कधीकधी संपूर्ण इमारतीच्या बांधकामापर्यंत पोचते आणि बंद केलेल्या बाल्कन्या तुमच्याही सोसायटीत असतील.

आणि दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत तर? तसं होऊ शकतं. ज्यांचे स्वतःचे फ्लॅट रिकामे आहेत ते हात वर करताना विचार करतील. तेव्हा ३० रात्रींची अट सोडा, पण स्थानिक केअरटेकर, सहाच्या आत नोंद, माणसांची संख्या आणि "पोटभाडेकरूने केलं ते सभासदाने केलं" हे चार मुद्दे सोडू नका. मालक राहत नसलेल्या फ्लॅटसाठी किमान सात रात्री एवढी तडजोड करता येईल. सात रात्री राहणारा माणूस बहुधा कामाने आलेला असतो, पार्टीला आलेला नसतो, आणि दर आठवड्याला होणारी चादरींची, बॅगांची, लिफ्टची वर्दळ एकदम खाली येते.

सभेची नोटीस काढण्याआधी एका संध्याकाळी त्या जोडप्याच्या घरी जाऊन मसुदा दाखवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर चाललेलं बोलणं त्यांनी वाचलं असणार आणि ते घाबरलेले असतील. त्यांची खोली चालू राहील हे तुमच्या तोंडून त्यांना आधी कळायला हवं. गुंतवणूकदारालाही ईमेलने मसुदा पाठवा आणि त्याचं लेखी म्हणणं मागवा. ते काहीही असलं तरी सभेत पूर्ण वाचून दाखवा आणि इतिवृत्ताला जोडा. काकूंना सभेत उठून बोलायला लावू नका. त्यांची तक्रार आधीच लेखी घेऊन ठेवा, तारीख आणि वेळ घालून.